परीक्षा चालू असताना संगणक बंद पडला, तर गेलेली वेळ परत कशी मिळते

पहिल्यांदाच संगणकावर परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी आदल्या रात्री हमखास निघणारा विषय म्हणजे, ‘मध्येच पीसी बंद पडला तर?’ मी काही वर्षे अशा केंद्रांवर पर्यवेक्षक म्हणून काम केले आहे आणि त्या अनुभवावरून एवढे सांगू शकतो की यंत्र बंद पडणे ही गोष्ट तितकीशी दुर्मीळ नाही. दिलेली उत्तरे सहसा जात नाहीत, कारण ती विद्यार्थ्यासमोरच्या यंत्रात साठवलेलीच नसतात. खरा प्रश्न असतो तो वेळेचा, आणि ती परत मिळाली की नाही हे बहुतेक विद्यार्थ्यांना खोलीत बसल्या बसल्या ओळखता येत नाही. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे. उदाहरणादाखल मी जेईई मेनचा पहिला पेपर घेतो. सकाळचे सत्र 9 ते 12, वेळ 180 मिनिटे, प्रश्न 75. बँकांच्या, तलाठी भरतीच्या किंवा एमएचटी-सीईटीच्या परीक्षेतही यंत्रणेचा सांगाडा जवळपास असाच असतो.

आधी हे समजून घ्या: घड्याळ कोठे चालते

परीक्षा केंद्रातील प्रत्येक संगणक त्याच इमारतीत ठेवलेल्या एका स्थानिक सर्व्हरला केबलने जोडलेला असतो. प्रश्नपत्रिका कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात, या सर्व्हरवर आधी उतरवलेली असते आणि सत्र सुरू होण्याच्या सुमारास ती उघडली जाते. तुम्ही `Save & Next` दाबता तेव्हा उत्तर तुमच्या यंत्रात राहत नाही, ते सर्व्हरवर जाते. आणि कोणत्या क्षणी लॉगिन झाले, कोणत्या क्षणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर नोंदवले वा बदलले, यंत्राचा सर्व्हरशी संपर्क केव्हा तुटला व केव्हा पुन्हा जोडला, याची नोंदही सेकंदासह तेथेच होत राहते. या नोंदीला केंद्रावर सगळे ‘लॉग’ म्हणतात. पुढे कोणतीही तक्रार झाली की परीक्षा मंडळ सर्वांत आधी हा लॉग काढून पाहते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की यंत्र अचानक बंद पडले तर जतन केलेली उत्तरे सुरक्षित राहतात, परंतु ज्या प्रश्नाचा पर्याय नुसता निवडून ठेवला होता आणि `Save & Next` दाबले नव्हते, तो जाऊ शकतो. त्यामुळे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर आधी शेवटचे दोन-तीन प्रश्न उघडून पाहावेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. यंत्राचा सर्व्हरशी संपर्क तुटला की साधारणपणे तुमचे `Time Left` तेथेच थांबते आणि पुन्हा लॉगिन झाल्यावर तेथूनच पुढे चालू होते. पण यंत्र बंद न पडता नुसतेच रखडले, माऊस हलेना, पुढचा प्रश्न उघडायला मिनिटभर लागू लागले, तर सर्व्हरच्या लेखी तुम्ही जोडलेलेच असता, आणि घड्याळ चालत राहते. विद्यार्थी घाबरतात ते काळ्या पडद्याला. प्रत्यक्षात नुकसान जास्त करते ते हे रखडलेले यंत्र, कारण लॉगमध्ये त्याचा ठळक खड्डा दिसत नाही.

यंत्र बंद पडले त्या क्षणी

हात वर करा, आणि पर्यवेक्षक येईपर्यंत यंत्राला हात लावू नका. बटण दाबून यंत्र स्वतः बंद-चालू करणे, केबल हलवणे, शेजारच्या रिकाम्या यंत्रावर जाऊन बसणे, यांपैकी काहीही केल्यास नंतरच्या चौकशीत बिघाड कोणामुळे झाला हा नवाच प्रश्न उभा राहतो. हात वर करतानाच दोन आकडे लक्षात घ्या आणि कच्च्या कामाच्या कागदाच्या एका कोपऱ्यात लिहा: भिंतीवरच्या घड्याळातील वेळ आणि पडद्यावर शेवटी दिसलेले `Time Left`. पडदा काळा झाला असेल तर आठवत असलेला अंदाजे आकडा लिहा. परीक्षेला मनगटी घड्याळ नेता येत नाही. खोलीत घड्याळ नसेल तर पर्यवेक्षकालाच ‘सर, किती वाजले?’ असे विचारावे. असे विचारण्यात काही चूक नाही, उलट तुम्ही विचारले हे त्यांच्याही लक्षात राहते.

नंतर पर्यवेक्षक केंद्रावरच्या तांत्रिक माणसाला बोलावतात. तो दोन-तीन मिनिटे यंत्र पाहतो, आणि ते सुरू होत नसेल तर तुम्हाला राखीव यंत्रावर बसवले जाते. प्रत्येक केंद्रावर काही यंत्रे याच कामासाठी मोकळी ठेवलेली असतात. यंत्र किंवा माऊस बिघडल्यास उमेदवाराला ताबडतोब दुसरे यंत्र दिले जाईल आणि गेलेली वेळ सर्व्हरवर समायोजित करून त्याला पूर्ण वेळ मिळेल, अशी तरतूद परीक्षा मंडळांच्या सूचनांमध्ये असते. म्हणून ही वेळ मागताना मेहेरबानी मागत आहोत असा सूर लावण्याचे कारण नाही. मात्र समायोजन आपोआप झाले असेल असे गृहीतही धरू नये.

वेळ परत मिळाली का, हे तपासण्याची बेरीज

भिंतीवरची वेळ आणि पडद्यावरचे `Time Left` यांची बेरीज केली की तुमचा पेपर किती वाजता संपणार हे कळते. नऊला सुरू झालेल्या सत्रात ही बेरीज सुरुवातीपासून शेवटपर्यंत बारा यायला हवी. यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर मात्र ती बाराच्या पुढे सरकली पाहिजे, आणि जेवढी सरकली तेवढी वेळ तुम्हाला परत मिळाली.

एक प्रसंग आकड्यांनिशी पाहू. समजा, एका मुलीचा पडदा 10 वाजून 7 मिनिटे 42 सेकंदांनी काळा पडला. तेव्हा तिच्या पडद्यावर `01:52:18` उरले होते. दोन्हींची बेरीज बरोबर बारा. पर्यवेक्षक आले, तांत्रिक माणूस आला, यंत्र सुरू होईना, मग तिला मागच्या ओळीतल्या राखीव यंत्रावर नेले, नव्याने लॉगिन झाले, आणि प्रश्न दिसू लागले तेव्हा भिंतीवर 10 वाजून 16 मिनिटे झाली होती. आता पडद्यावर `01:52:18` किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा असेल, तर बेरीज 12 वाजून 8 मिनिटांच्या पुढे जाते. म्हणजे इतर मुले उठून गेल्यावर ती आणखी आठ मिनिटे लिहिणार आहे आणि तिची वेळ पूर्ण परत मिळाली आहे. पण पडद्यावर `01:44:00` दिसत असेल, तर बेरीज पुन्हा बाराच येते. याचा अर्थ यंत्र बंद असतानाही घड्याळ धावत होते आणि सव्वाआठ मिनिटे गेली.

ही गोष्ट सांगायची वेळ तीच असते. त्या मुलीने पहिला प्रश्न सोडवायला घेण्याआधी हात वर करून, ‘सर, माझा पडदा दहा वाजून सात मिनिटांनी गेला होता आणि आत्ता सोळा मिनिटे झाली आहेत, पण घड्याळ पुढे गेले आहे,’ एवढे म्हणावे. सत्र चालू असेपर्यंत केंद्रप्रमुख तांत्रिक कक्षाशी बोलून उमेदवाराची वेळ वाढवून घेऊ शकतात. एकदा सत्र बंद झाले आणि उत्तरे वर गेली, की तो मार्ग संपतो. मी पाहिलेल्या एका सत्रात एक मुलगा अशीच वेळ गमावून शेवटपर्यंत गप्प बसला आणि बाहेर पडताना रडत म्हणाला की त्याला वाटले पेपर संपल्यावर सांगायचे असते. तोवर त्याच्या यंत्रावर परीक्षा संपल्याचा संदेश आलेला होता आणि आमच्या हातात अहवालात एक ओळ लिहिण्यापलीकडे काही उरले नव्हते.

रखडलेल्या यंत्राच्या बाबतीत हीच बेरीज उपयोगी पडत नाही, कारण ती बाराच येत राहते. तेथे एकच मार्ग आहे: एखाद्या प्रश्नाला उघडायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला की लगेच हात वर करून पर्यवेक्षकाला तो रखडलेला पडदा प्रत्यक्ष दाखवावा आणि यंत्र बदलून मागावे. यंत्र बदलताना संपर्क तुटतो, त्याची नोंद होते, आणि निदान त्यापुढची वेळ वाचते. ‘थोडा वेळ बघू’ म्हणून अर्धा तास काढणाऱ्याकडे नंतर दाखवायला काहीच राहत नाही.

सगळे केंद्रच बंद पडले तर

एका यंत्राऐवजी स्थानिक सर्व्हर, वीज किंवा मुख्य डेटा सेंटर गेले, तर निर्णय खोलीत होत नाही, वर होतो. त्यातला सर्वांत सौम्य प्रकार म्हणजे परीक्षा उशिरा सुरू होणे. महाराष्ट्रात 21 ऑगस्ट 2023 रोजी तलाठी भरतीच्या परीक्षेत असेच झाले. डेटा सेंटरमधील तांत्रिक अडचणीमुळे सकाळचे सत्र वेळेवर सुरू होऊ शकले नाही, राज्यभर केंद्रांबाहेर उमेदवारांची गर्दी झाली, आणि पुढची सत्रेही मागे ढकलावी लागली. मनस्ताप मोठा होता. तरी तांत्रिक भाषेत पाहिले तर अशा वेळी पेपर उघडलेलाच नसतो, त्यामुळे लिहिण्याची वेळ कोणाचीच जात नाही आणि फेरपरीक्षेची मागणी टिकणे अवघड जाते.

या ठिकाणी एक चूक फार महागात पडते, ती म्हणजे रागाने निघून जाणे. बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या माहितीपत्रकात याविषयी स्पष्ट मजकूर असतो. परीक्षेत अडचण येऊ शकते, ती दूर करण्यासाठी उमेदवारांना दुसरीकडे हलवले जाऊ शकते किंवा परीक्षा उशिरा होऊ शकते, फेरपरीक्षा घ्यायची की नाही हा पूर्णपणे संस्थेचा निर्णय असेल, उमेदवाराला तिच्यावर हक्क सांगता येणार नाही, आणि जो हलायला वा थांबायला तयार नसेल तो प्रक्रियेतून बाद होईल, असा त्याचा आशय आहे. कडक वाटेल, पण आहे असे आहे. बाहेर घोषणाबाजी सुरू असली तरी हजेरी झाली असल्यास आत बसून राहणे, आणि केंद्रप्रमुख लेखी किंवा सर्वांसमोर ‘आजचे सत्र रद्द’ असे सांगत नाहीत तोवर जागा न सोडणे, हेच शहाणपणाचे.

पेपर उघडल्यावर केंद्र बंद पडले आणि ते वाजवी वेळात सुरू होत नसेल, तर त्या केंद्रापुरती परीक्षा पुन्हा घेतली जाते. जानेवारी 2025 च्या जेईई मेनमध्ये पहिल्याच दिवशी, 22 जानेवारीच्या पहिल्या सत्रात, बंगळुरूच्या एका केंद्रावर तांत्रिक अडचण आली. ही परीक्षा घेणारी केंद्रीय संस्था एनटीए हिने तेथील 114 उमेदवारांची परीक्षा त्याच फेरीतील 28 किंवा 29 जानेवारीच्या दिवसांवर नेली. हे दिवस मुळातच वेळापत्रकात होते, आणि असे करण्यामागे हिशोब आहे. जेईई मेनमध्ये वेगवेगळ्या सत्रांतील गुणांची थेट तुलना होत नाही. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असल्याने, त्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण किती जणांना पडले यावरून पर्सेंटाइल काढतात. 114 जणांसाठी वेगळे सत्र घेतले असते, तर त्या लहानशा गटातच त्यांची तुलना झाली असती आणि एका मुलाच्या फरकाने पर्सेंटाइल जवळजवळ एकाने हलले असते. हजारो उमेदवारांच्या चालू सत्रात त्यांना सामावून घेतले की हा प्रश्न उरत नाही. त्यामुळे फेरपरीक्षेची तारीख मिळाल्यावर ‘आमचा पेपर अवघड निघाला तर’ ही भीती अशा परीक्षांत तितकीशी खरी नाही. ज्या परीक्षेत सगळ्यांना एकच पेपर असतो, तेथे ती रास्त आहे.

फेरपरीक्षेची सूचना वर्तमानपत्रात येण्याची वाट पाहू नये. ती संस्थेच्या संकेतस्थळावर आणि नोंदवलेल्या ईमेलवर येते, नवे प्रवेशपत्र काढावे लागते, आणि केंद्र बहुतेकदा बदललेले असते.

वेळेऐवजी गुण: हा मार्ग का अरुंद झाला

वेळ त्याच दिवशी परत दिली नाही आणि फेरपरीक्षाही घेतली नाही, तर तिसरा पर्याय उरतो, गेलेल्या वेळेबद्दल गुण देण्याचा. याचे मूळ 2018 च्या क्लॅट परीक्षेत, म्हणजे विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेत आहे. कोचीच्या विधी विद्यापीठाने 13 मे 2018 रोजी घेतलेल्या या संगणकीय परीक्षेत अनेक केंद्रांवर लॉगिन उशिरा झाले, पडदे अडकले, आणि वेळ सर्वांना सारखी परत मिळाली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. परीक्षा रद्द न करता, तक्रार निवारण समितीने लॉग तपासून प्रत्येकाची गेलेली वेळ ठरवावी आणि उत्तरे देण्याच्या त्याच्या गतीनुसार गुणांची भरपाई द्यावी, हा मार्ग न्यायालयाने जून 2018 मध्ये मान्य केला.

त्या हिशोबाचा गाभा एका कल्पित उदाहरणाने कळेल. पेपर 120 मिनिटांचा, बरोबर उत्तराला 1 गुण, चुकीला पाव गुण वजा. एकाची 10 मिनिटे गेली. उरलेल्या 110 मिनिटांत त्याची 88 उत्तरे बरोबर आणि 22 चूक आली, म्हणजे त्याला 82.5 गुण मिळाले. त्याची गती मिनिटाला 0.8 बरोबर आणि 0.2 चूक अशी. याच गतीने गेलेल्या 10 मिनिटांत 8 बरोबर व 2 चूक आली असती, असे धरून 7.5 गुणांची भर पडते आणि एकूण 90 होतात.

कागदावर हे न्याय्य दिसते, तरी मला हा मार्ग कधीच पटला नाही, कारण जो मुलगा सोपे प्रश्न आधी सोडवतो त्याची शेवटच्या दहा मिनिटांतली गती सुरुवातीसारखी नसते. 2024 च्या नीटमध्ये याचे पडसाद उमटले. नीट कागदावरची परीक्षा असली तरी काही केंद्रांवर वेळ गेली म्हणून एनटीएने क्लॅटच्या धर्तीवर 1,563 उमेदवारांना भरपाईचे गुण दिले, आणि निकालात 718 व 719 असे गुण दिसले. बरोबर उत्तराला 4 आणि चुकीला वजा 1 अशा 720 गुणांच्या पेपरात हे आकडे भरपाईशिवाय येऊच शकत नाहीत. एक प्रश्न सोडला तर 716, एक चुकला तर 715. गदारोळ झाला, आणि 13 जून 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयात हे गुण मागे घेतल्याचे सांगण्यात आले. त्या उमेदवारांना मूळ गुण स्वीकारा किंवा 23 जूनला पुन्हा परीक्षा द्या, असा पर्याय मिळाला. 813 जणांनी परीक्षा दिली. आज कोणी ‘गुण वाढवून द्या’ अशी मागणी घेऊन गेला, तर त्याने हा इतिहास माहीत ठेवूनच जावे. मागणी वेळेची किंवा फेरपरीक्षेची असेल तर ती अधिक सहज ऐकली जाते.

त्याच संध्याकाळचे पत्र

खोलीत तोंडी सांगूनही वेळ मिळाली नाही, तर बाहेर पडण्यापूर्वी केंद्रप्रमुखांना घटना त्यांच्या अहवालात नोंदवण्याची विनंती करावी. कच्च्या कामाचा कागद परत द्यावा लागतो, त्यामुळे त्यावर लिहिलेले आकडे बाहेर आल्या आल्या फोनवर किंवा वहीत उतरवून घ्यावेत. मग त्याच दिवशी परीक्षा संस्थेला ईमेल करावा. मजकूर इतकाच पुरतो:

‘माझा अर्ज क्रमांक हा. दिनांक, सत्र, केंद्र क्रमांक, खोली व यंत्र क्रमांक हे. सकाळी 10.07 वाजता माझे यंत्र बंद पडले. तेव्हा 1 तास 52 मिनिटे शिल्लक होती. 10.16 वाजता मला दुसऱ्या यंत्रावर बसवण्यात आले. तेव्हा 1 तास 44 मिनिटे दिसत होती. ही बाब मी त्याच वेळी पर्यवेक्षकांना सांगितली. कृपया माझा लॉग आणि खोलीतील कॅमेऱ्याचे चित्रण तपासून, ते जतन करून, मला कळवावे.’

चित्रण जतन करण्याचे वाक्य वगळू नये, कारण ते कायमचे ठेवले जात नाही. आपण किती अभ्यास केला होता, घरची परिस्थिती काय, हे या पत्रात लिहू नये. तपासणाऱ्याला यंत्र क्रमांक आणि दोन वेळा हव्या असतात. त्याच खोलीतील आणखी कोणाचे यंत्र गेले असेल, तर प्रत्येकाने आपापले वेगळे पत्र पाठवावे. एका कागदावर चाळीस सह्या घेतल्या की प्रत्येकाचा लॉग वेगळा तपासण्याचे काम रेंगाळते.

उत्तरतालिकेवर आक्षेप घेण्याची जी मुदत नंतर जाहीर होते, ती प्रश्नांच्या चुकांसाठी असते आणि तेथे शुल्क भरून वेळेची तक्रार टाकली तरी ती योग्य जागी पोहोचत नाही. उत्तर आले नाही किंवा ‘आमच्या नोंदीनुसार आपल्याला पूर्ण वेळ मिळाली आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले, तर माहितीच्या अधिकारात स्वतःच्या लॉगची प्रत मागता येते. सरकारी परीक्षा संस्थेच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिकाही करता येते. तिथेही उलटतपासणीसारखा पहिला प्रश्न येतो तो तारखेचा: तक्रार परीक्षेच्या दिवशी केली होती, की निकाल पाहून?